फोन गेला, सिम बंद केलं, तरी पैसे का कापले जातात?

प्रश्न: गेल्या आठवड्यात लोकलमध्ये कोणीतरी माझा फोन मारला. त्याच दिवशी सिम बंद केलं, मग डुप्लिकेट सिम आणि नवा अँड्रॉइड फोन घेतला. तरी परवा खात्यातून 299 गेले आणि आज सकाळी 149. चोर अजून पैसे काढतोय का? अजून कुठून कुठून कापले जाणार ते शोधून बंद कसं करू?

उत्तर:

बहुतेक चोर नाही. खातं हाती लागलेला माणूस 299 काढून दोन दिवस थांबत नाही, तो पहिल्या तासात मिळेल तेवढं उचलतो. या रकमा वर्गणीच्या दिसतात. शिवाय आजची रक्कम सकाळी गेली आहे. ऑगस्ट 2025 पासून यूपीआय ऑटोपेची, म्हणजे एकदा दिलेल्या परवानगीवर आपोआप होणारी वसुली गर्दीच्या वेळा टाळून होते, म्हणजे सकाळी दहाच्या आधी, दुपारी एक ते पाच किंवा रात्री साडेनऊनंतर. एवढ्यावरून खात्री होत नाही, पण संशय कुठे घ्यायचा ते कळतं. खात्री कशी करायची ते पुढे सांगतो.

बँकेत डिजिटल व्यवहारांच्या तक्रारी पाहणं हे माझं रोजचं काम आहे. फोन गेलेला जवळजवळ प्रत्येक माणूस असं धरून चालतो की परवानग्या फोनमध्ये होत्या, फोन गेला म्हणजे त्याही गेल्या. प्रत्यक्षात फोनवर तुम्ही फक्त 'हो' म्हटलं होतं. तो होकार नोंदला गेला तुमच्या बँकेकडे, यूपीआय अ‍ॅपच्या सर्व्हरवर, कार्ड देणाऱ्या बँकेकडे किंवा गूगल खात्यात. वसुलीच्या दिवशी दुकानदाराची यंत्रणा थेट तिथे विचारते. तुमचा फोन चालू आहे का, सिम कोणतं आहे, अ‍ॅप ठेवलंय की काढलंय, हे कोणी बघतही नाही. चेकबुक हरवलं म्हणून ईसीएसचा हप्ता थांबत नसे, तसंच हे आहे.

म्हणून 'फोन कसा बंद करू' हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. कोणती परवानगी कुठे नोंदलेली आहे, हे शोधायचं आहे. हरवलेले फोन ब्लॉक करायच्या सीईआयआर या सरकारी साइटवर आयएमईआय ब्लॉक करणं जरूर करा, पण त्याने फोन नेटवर्कवर चालेनासा होतो, एकही वर्गणी थांबत नाही.

आधी दोन गोष्टी, ज्या थांबू शकत नाहीत

नव्या फोनवरून किंवा संगणकावरून `myaccount.google.com/device-activity` उघडा आणि जुना फोन यादीतून साइन आउट करा, मग पासवर्ड बदला. जुना फोन अनलॉक झाला आणि त्यात प्ले स्टोअर चालू राहिलं, तर तिथे साठवलेल्या कार्डावर किंवा यूपीआयवर नवी खरेदी होऊ शकते. खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारण्याची सेटिंग बऱ्याच जणांनी त्रास नको म्हणून बंद केलेली असते.

दुसरी गोष्ट यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधलं छोट्या रकमांचं पाकीट. त्यातून 1,000 रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो आणि शिल्लक 5,000 पर्यंत ठेवता येते. लाइटला ऑटो टॉप-अप लावलेलं असेल तर शिल्लक कमी झाली की बँक खात्यातून ती आपोआप भरते, आणि हा टॉप-अपसुद्धा एक मॅन्डेटच, म्हणजे आपोआप वसुलीची नोंदलेली परवानगी असते. त्यामुळे लाइट वापरत असाल तर बँकेच्या हेल्पलाइनला 'फोन गेलाय, यूपीआय आणि लाइट दोन्ही बंद करा' असं स्पष्ट सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. नुसतं 'यूपीआय बंद करा' म्हटलं तर लाइटचा विषय निघेलच असं नाही.

तुमचं डुप्लिकेट सिम जुनं झालंय म्हणून ओटीपी येत असतील. हे वाचणाऱ्या ज्यांचा फोन आजच गेलाय त्यांनी लक्षात ठेवावं की नवं सिम चालू झाल्यावर पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. दूरसंचार खात्याने हे सिम-स्वॅपच्या फसवणुकीवर उपाय म्हणून ठेवलंय. त्या काळात ओटीपी नाही म्हणून घाबरून पाच वेळा प्रयत्न करू नका, लॉगिन ब्लॉक होईल. तोवर फोनवरून बँकेशी बोलून खातं गोठवता येतं. खालचं शोधकाम दुसऱ्या दिवशी करा.

शोधायचं कुठे: स्टेटमेंट आणि ई-मेल

अ‍ॅपमध्ये बसून 'मी कशाकशाला पैसे देतो' हे आठवू नका. माणसाला चालू असलेल्या वर्गण्या आठवतात, विसरलेल्या नाहीत, आणि आपल्याला विसरलेल्याच पकडायच्या आहेत. नेट बँकिंगमधून मागच्या 13 महिन्यांचं स्टेटमेंट काढा. बारा नाही, तेरा, कारण वार्षिक वर्गणी एखाद-दोन दिवस मागेपुढे होते आणि नेमकी काठावर निसटते. ज्या ज्या खात्याला आणि क्रेडिट कार्डाला तो फोन जोडलेला होता, त्या प्रत्येकाचं स्टेटमेंट घ्या.

ओळींची भाषा बँकेगणिक बदलते, पण तीन जाती ओळखता येतात. `UPI` सोबत `MANDATE` किंवा `AUTOPAY` असं दिसलं तर ती यूपीआय ऑटोपे. `ACH D` किंवा `NACH` ने सुरू होणारी ओळ बँक खात्यावरच्या जुन्या पद्धतीच्या मॅन्डेटची, त्यात बहुतेक विमा, एसआयपी आणि कर्जाचे हप्ते असतात. कार्डाच्या स्टेटमेंटवर दुकानदाराचं नाव थेट येतं. `GOOGLE` असं नाव आलं तर मात्र खरा वसूल करणारा कोण ते तिथे कळत नाही, कारण प्ले स्टोअरमधली सगळी अ‍ॅप त्या एकाच नावाखाली पैसे घेतात.

ते नाव ई-मेलमध्ये सापडतं. प्ले स्टोअरच्या प्रत्येक पावतीवर `GPA.` ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक आणि अ‍ॅपचं नाव असतं. जीमेलच्या शोधपट्टीत हे टाका:

```
(autopay OR mandate OR renewal OR "GPA.") newer_than:13m
```

इथे आणखी एक गोष्ट हाती लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्ड आणि यूपीआयवरच्या आवर्ती वसुलीची सूचना किमान 24 तास आधी द्यावी लागते, त्यात दुकानदार, रक्कम आणि तारीख असते. तुमची 299 ची सूचना बहुधा बंद सिमवर किंवा हरवलेल्या फोनमधल्या अ‍ॅपवर गेली, म्हणून तुम्हाला ती अचानक वाटली. बँकेत ई-मेल नोंदलेला असेल तर ती तिथेही आली असण्याची शक्यता आहे. नोंदलेला नसेल तर आजच नोंदवा.

चोराचं की आपलं, हे कसं ठरवायचं

प्रत्येक मॅन्डेटच्या तपशिलात तो कधी सुरू झाला ते लिहिलेलं असतं. रक्कम कधी कापली याला महत्त्व नाही, मॅन्डेट कधी तयार झाला ते बघा. फोन जाण्याआधीचा असेल तर होकार तुमचाच आहे, आठवत नसला तरी. अशा बऱ्याच वर्गण्या '1 रुपयात सात दिवस' अशा सुरू झालेल्या असतात. त्या 1 रुपयाला पिन टाकताना खाली 'कमाल मर्यादा 999, दरमहा' असं छोट्या अक्षरात असतं, ते कोण वाचतं?

तारीख फोन गेल्यानंतरची असेल तर प्रकरण वेगळं आहे. यूपीआय मॅन्डेट तयार करायला यूपीआय पिन लागतो. याचा अर्थ कोणाला तरी तुमचा पिन माहीत आहे, आणि मग वर्गणी हा सगळ्यात लहान प्रश्न उरतो. ताबडतोब सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा, बँकेला लेखी कळवा. बँकेला कळवायला तीन कामाच्या दिवसांपेक्षा उशीर करू नका, कारण तुमच्यावर किती भार पडणार ते उशिरावर ठरतं. कार्डावरच्या मॅन्डेटला पिन नव्हे, ओटीपी लागतो, आणि सिम बंद होईपर्यंतच्या वेळेत तो चोराच्या हातात येत होता. म्हणून फोन गेल्याची आणि सिम बंद झाल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा. त्या मधल्या तासांतल्या सगळ्या नोंदी एकेक करून बघा.

स्वतःच दिलेल्या परवानगीची वसुली 'फसवणूक' म्हणून नोंदवू नका. महिन्याभराने बँक तुमच्याच होकाराची नोंद पुढे ठेवते, दावा बंद होतो, आणि त्या अर्जात एखादा खरा चोरीचा व्यवहार असेल तर त्याच्याकडेही संशयाने पाहिलं जातं.

यूपीआय ऑटोपे बंद करताना

मॅन्डेट ज्या यूपीआय अ‍ॅपमधून दिला, त्या अ‍ॅपच्या आयडीला तो बांधलेला असतो. लोक नव्या फोनवर एकच अ‍ॅप टाकतात, ऑटोपेची यादी उघडतात, रिकामी दिसते, आणि निर्धास्त होतात. जुन्या फोनवर तीन अ‍ॅप होती तर तीनही पुन्हा टाकून, त्याच नंबरने नोंदणी करून, प्रत्येकाची यादी पाहायला हवी. यादी सर्व्हरवर असल्यामुळे ती परत दिसते. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर 2025 मध्ये कोणत्याही एका अ‍ॅपमध्ये सगळीकडचे मॅन्डेट बघता यावेत असं ठरवलं आहे. तुमच्या अ‍ॅपमध्ये ती सोय दिसली तर वापरा, पण रिकाम्या यादीवर विसंबून राहू नका.

कोणतं अ‍ॅप होतं हेच आठवत नसेल तर मॅन्डेटच्या एसएमएस किंवा मेलमधला यूएमएन, म्हणजे त्या मॅन्डेटचा स्वतःचा क्रमांक बघा. अक्षरं-आकड्यांचा तो लांबलचक क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटी `@` नंतर अ‍ॅपची खूण असते. `@okaxis`, `@oksbi`, `@okicici`, `@okhdfcbank` असेल तर गूगल पे. `@ybl`, `@ibl`, `@axl` असेल तर फोनपे. `@pt` ने सुरू झालं तर पेटीएम, नुसतं `@upi` असेल तर भीम.

यादीत `Pause` आणि `Revoke` किंवा `Cancel` असे पर्याय असतात. विराम दिलेला मॅन्डेट मुदत संपली की पुन्हा जागा होतो, म्हणून वर्गणी नकोच असेल तर रद्दच करा. रद्द करायलाही यूपीआय पिन लागतो. नव्या फोनवर पिन पुन्हा बसवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे लागतात. कार्ड फोनच्या कव्हरमध्येच ठेवलेलं असेल आणि ते ब्लॉक झालं असेल (हे फार जणांचं होतं), तर आधारच्या ओटीपीचा मार्ग घ्या.

खात्यात पैसे न ठेवणं हा उपाय नाही. एकदा वसुली फसली तर यंत्रणा आणखी तीन वेळांपर्यंत प्रयत्न करू शकते, आणि त्या मधल्या काळात पगार जमा झाला तर तो सापडतो.

एक प्रकरण, जरा तपशिलात

आमच्याकडे ठाण्याच्या एक शिक्षिका आल्या होत्या. फोन बसमध्ये गेला होता. त्यांनी हुशारीने यूपीआय अ‍ॅप नव्या फोनवर टाकलं, ऑटोपेच्या यादीत गूगल प्लेचा 149 चा मॅन्डेट दिसला, तो रद्द केला. पुढच्या महिन्यात 149 रुपये त्यांच्या क्रेडिट कार्डावर लागले. त्यांचं म्हणणं, बँकेने रद्द केलेला मॅन्डेट परत चालू केला.

तसं काही झालं नव्हतं. त्यांनी पैसे देण्याचा एक रस्ता बंद केला होता, वर्गणी चालूच होती. वर्गणी गूगल खात्यात नोंदलेली असते, आणि पहिला रस्ता बंद दिसला तेव्हा गूगलने खात्यात पर्यायी म्हणून ठेवलेल्या कार्डाकडे मागणी केली. ते कार्ड त्यांनी कधीकाळी मुलाच्या गेमसाठी टाकलं होतं.

आम्ही क्रम उलटा केला. आधी संगणकावर `play.google.com/store/account/subscriptions` उघडून वर्गणी रद्द केली. तिथे 149 च्या फोटो एडिटिंग अ‍ॅपशिवाय आणखी एक वर्गणी निघाली, 1,499 ची, वार्षिक, वसुली चार महिन्यांनी होणार होती. मासिक स्टेटमेंट बघून ती कधीच कळली नसती. मग `payments.google.com` वर जाऊन कार्ड काढलं. शेवटी बँकेच्या बाजूला मॅन्डेट रद्द झाल्याची खात्री केली. नुकतेच गेलेले 149 त्यांनी गूगलकडे परत मागितले आणि मिळाले. खरेदीला 48 तास झाले नसतील तर हा अर्ज थेट गूगलकडे करता येतो, त्यानंतर अ‍ॅप बनवणाऱ्याच्या मर्जीवर. तुमचे आजचे 149 प्ले स्टोअरचे निघाले तर हे काम आजच करा, 299 ची वेळ बहुधा टळत आली आहे.

तर क्रम असा ठेवा: आधी वसूल करणाऱ्याकडे वर्गणी रद्द, मग साठवलेली साधनं काढणं, मग बँकेकडे मॅन्डेट रद्द. वेबसाइटवरून घेतलेल्या वर्गणीला हाच नियम, फक्त ती प्ले स्टोअरच्या यादीत दिसत नाही, त्या कंपनीच्या साइटवर लॉगिन करावं लागतं. कंपनी दाद देत नसेल किंवा लॉगिनच सापडत नसेल तर थेट बँकेकडचा मॅन्डेट रद्द करा. तो हक्क तुमचाच आहे, त्यासाठी कंपनीची संमती लागत नाही.

कार्डावरचे मॅन्डेट

कार्ड ब्लॉक करून नवं घेतलं म्हणजे जुन्या वर्गण्या मेल्या, असं धरू नका. दुकानदाराकडे आता कार्डाचा नंबर नसतो, त्याच्या जागी दिलेला सांकेतिक क्रमांक म्हणजे टोकन असतं, आणि ते टोकन नव्या कार्डाला जोडलं जाऊ शकतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या विभागात 'ई-मॅन्डेट' किंवा `Manage SI` नावाची यादी शोधा. बऱ्याच बँका यासाठी `SI Hub` या पानावर पाठवतात, तिथे कार्ड नंबर आणि ओटीपीने आत जाता येतं. जवळच टोकनांची यादीही असते, कोणकोणत्या दुकानदाराकडे तुमचं कार्ड साठवलेलं आहे ते तिथे दिसतं आणि तिथूनच काढता येतं. कार्डावर 15,000 रुपयांपर्यंतची ठरलेली वसुली दर वेळी ओटीपी न मागता होते, त्यामुळे 'ओटीपी आल्याशिवाय काही जाणार नाही' हा भरवसा इथे चालत नाही.

जे बंद करायचं नाही

घाबरलेला माणूस यादीतलं सगळं रद्द करतो आणि दोन महिन्यांनी विम्याची पॉलिसी बंद पडल्याचं पत्र येतं. कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, एसआयपी या ओळींना हात लावण्याआधी थांबा. कर्जाचा मॅन्डेट बंद केल्याने कर्ज संपत नाही, हप्ता परतल्याचा दंड मात्र दोन्हीकडून लागतो. हे मॅन्डेट बहुतेक बँक खात्यावर असतात, हरवलेल्या फोनमुळे त्यांना धोका नाही. फोन गेला म्हणून खातंच बंद करायचं ठरवलं असेल तर आधी ते दुसऱ्या खात्यावर वळवा.

बिलातून जाणारे पैसे

बँकेच्या स्टेटमेंटमध्ये कधीच न दिसणारी एक जागा राहते, मोबाइल कंपनीचं बिल किंवा प्रीपेड शिल्लक. कॉलर ट्यून, ज्योतिष, गेम अशा सेवा सिमला चिकटलेल्या असतात, आणि डुप्लिकेट सिमवर त्या जशाच्या तशा येतात कारण नंबर तोच असतो. 155223 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून चालू असलेल्या सेवा कळतात आणि बंद करता येतात.

घरातल्या दुसऱ्या कोणी यूपीआय सर्कलमधून तुमच्या नंबरला त्यांच्या खात्यावरून खर्चाची परवानगी दिली असेल, तर ती त्यांच्या अ‍ॅपमध्ये आहे, तुमच्या नव्हे. पूर्ण मुभा दिलेली असेल तर महिन्याला 15,000 रुपयांपर्यंतची रक्कम त्यांच्या पिनशिवाय जाऊ शकते. त्यांनाच ती काढायला सांगा.

रद्द केल्यावर प्रत्येक ठिकाणचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात यूएमएन आणि तारीख दिसली पाहिजे. त्यानंतरही तीच वसुली झाली तर मात्र चूक तुमची नाही. बँकेकडे स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा 12 आकडी संदर्भ क्रमांक देऊन लेखी तक्रार करा, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तुमच्या 299 आणि 149 च्या मॅन्डेटची सुरुवातीची तारीख मिळाली की इथे लिहा. ती फोन जाण्याच्या नंतरची निघाली तर मात्र इथे लिहीत बसू नका, आधी 1930 लावा.